मदत हवी आहे: निबंधाचा सूर 'अपोलोजेटिक' म्हणून परत आला

रिद्धपूरकर
रविवारी निबंध द्यायचाय. मार्गदर्शकांनी सातव्या पानाच्या समासात लाल पेनाने 'सूर अपोलोजेटिक' लिहिलंय. तीनदा लिहिला, तरी तोच शेरा. ज्या परंपरेवर लिहितोय, मी त्याच परंपरेतला आहे आणि ते लपवायचं नाहीये. खोटं एक वाक्य नाही. सूर बदलायचा कसा? लवकर सांगा.

गावरान_ठेचा
माफी कशाला मागायची? आपल्या परंपरेबद्दल ताठ मानेने लिहा. मी तर प्रस्तावनेतच 'अभिमान' शब्द टाकला होता.

पोथीवाली
ठेचा, माफीचा इथे संबंध नाही. लिहिणारा वकिली करतोय, असं त्यांना म्हणायचंय.
रिद्धपूरकर, विषय काय? सातव्या पानावरचं वाक्य जसंच्या तसं द्या. हवेत कसं सांगणार?

रिद्धपूरकर
नावावरून कळलंच असेल. महानुभाव. विषय चक्रधर स्वामींचं उत्तरापंथे जाणं, म्हणजे उत्तरेकडे निघून जाणं. वाक्य असं:
'सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे गेले, हे लीळाचरित्रावरून सिद्ध होते. वधाचा आरोप मात्र काही अभ्यासक ठोस आधाराविना करतात.' त्याआधी यादवांच्या मंत्र्याबद्दल 'हेमाद्रीने कारस्थान रचले' आहे.

चष्मेबद्दूर
सोपं आहे. सगळीकडे 'असे म्हटले जाते' घाला. विषय संपला.

पोथीवाली
नाही संपत. कोण म्हणतं, कधी, कुठल्या पोथीत, हे त्या शब्दांनी झाकलं जातं. लीळाचरित्र म्हाइंभटांनी जमवलं, पण मूळ प्रत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा जुळवली, असं पंथच सांगतो ना? मग तुम्ही कोणत्या पाठातली लीळा घेतली, ते लिहा. 'लीळाचरित्रावरून' म्हणजे नेमकं कशावरून?

आता तुमची क्रियापदं बघा. आपल्या बाजूचं ते 'सिद्ध होते', समोरच्याचा तो 'आरोप'. शिवाय स्वामी 'गेले'; हेमाद्रीने 'रचले' यात फरक दिसत नाही, पण पुढे हेमाद्रीला 'तो म्हणतो' असं एकेरी आलं असणार. शोधून बघा. आदरार्थी बहुवचन फक्त आपल्या माणसाला दिलं की मराठीत पक्ष तिथेच कळतो. 'सर्वज्ञ' काढा, नुसतं 'चक्रधर' ठेवा आणि दोघांनाही एकच रूप द्या.

खरी कसोटी अशी की वधाच्या बाजूच्या पुराव्याला जो प्रश्न विचारता, तोच आपल्या पोथीला विचारायचा. घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं? सांगणारा तिथे होता का? समोरच्याकडे 'ठोस आधार' मागताय, मग आपल्या बाजूचा आधार आठवणीतून जुळवलेला आहे, हेही लिहावं लागेल.

रिद्धपूरकर
दोन ठिकाणी सापडलं एकेरी. पण मग उत्तरापंथ खोटा म्हणायचा का?

पोथीवाली
नाही. गेले की वध झाला, हा निवाडा निबंधाने करायलाच हवा असं नाही. नागदेवाचार्य आणि बाकीचे शिष्य नंतर रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभूंकडे गेले, तिथे राहिले. 'स्वामी आहेत, पण इथे नाहीत' असं मानणारी माणसं कशी वागली, हे तुम्ही पुराव्यानिशी लिहू शकता. तुमच्याकडे त्याचा माल भरपूर आहे.

चष्मेबद्दूर
माफ करा, पण पंथाचा उपदेश घेतलेला माणूस हे लिहूच कसं शकतो? बाहेरच्याने लिहावं.

माळकरी_तिसरी_पिढी
मग आमच्या दिंडीवर कोणी लिहायचं? मी लिहिलं होतं. पक्षपाती वाटू नये म्हणून सगळीकडे 'तथाकथित' घातलं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "स्वतःच्या वडिलांना अहो-जाहो करत ओळख नाकारल्यासारखं वाटतंय." वीस 'तथाकथित' काढले. तुमच्याकडे दिंडीचा क्रम कसा असतो हो?

पोथीवाली
माळकरी, दिंडीचा वेगळा धागा काढा. पण मुद्दा बरोबर आहे, उलटं टोक तेवढंच वाईट. चष्मेबद्दूर, बाहेरचा माणूस पंथाची सांकेतिक लिपी शिकून घेईल, पण महंतांकडची पोथी पाहायला त्याला आधी ओळख लागेल.

चष्मेबद्दूर
म्हणजे ओळखीने मिळालेल्या पोथीवर निष्पक्ष लिहायचं? वा.

रिद्धपूरकर
भांडू नका, मला रविवार गाठायचाय. असं केलं:
'महानुभाव पंथात चक्रधर उत्तरापंथे गेले असे मानतात. काही अभ्यासकांनी त्यांचा वध झाला असे मांडले आहे. या निबंधात या श्रद्धेचा अनुयायांच्या पुढच्या जगण्यावर झालेला परिणाम पाहिला आहे.'
चालेल? आणि मी उपदेशी आहे हे प्रस्तावनेत लिहू की नको?

पोथीवाली
वाक्य चालेल, पाठाचं नाव घाला. उपदेशाचं मी माझ्या लेखनात लिहिते, एका ओळीत. माझे सर मात्र म्हणायचे लिहू नका, वाचणारा पुढे तेवढंच शोधत बसतो.

गावरान_ठेचा
अभिमान कुठे गेला?