अल्फा लिपोइक ॲसिडची साखळी आणि तळपायांची आग

गुहागरचा_बाबू: वडिलांचे वय ६८ आहे, मधुमेह जुना आहे आणि मेटफॉर्मिन कित्येक वर्षे चालू आहे. रात्री त्यांच्या तळपायांची आग होते, मुंग्या येतात. अल्फा लिपोइक ॲसिड १०० मिलिग्रॅम आणि मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२, अशी एकत्रित कॅप्सूल नाश्त्यानंतर रोज एक घेतात, पण फरक नाही. हे द्रव्य वापरून संपलेल्या अँटिऑक्सिडंटना पुन्हा कामाला लावते, असे वाचले. ते खरे आहे का, आणि खरे असेल तर वडिलांना त्याचा उपयोग का होत नाही?

मालवणी_मीठ: खरे आहे, आणि म्हणूनच मी याला सर्व अँटिऑक्सिडंटांचा राजा मानतो. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, ई जीवनसत्त्व चरबीत, हे मात्र दोन्हीकडे वावरते. त्यामुळे शरीरात जिथे पेशींना इजा करणारे मुक्त मूलक असतील तिथे ते पोहोचते. वडिलांना जोडीला क आणि ई यांच्या मोठ्या मात्रा द्या आणि पालक वाढवा, कारण पालकातही हे आहेच. गोळ्यांपेक्षा आहार केव्हाही बरा.

सावंतवाडी_निवृत्त: मी जीवरसायनशास्त्र शिकवत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण जे गिळतो ते स्वतः फारसे काही पुनरुज्जीवित करत नाही. पेशीत गेल्यावर त्याच्या दोन गंधक अणूंमधला बंध सुटतो आणि डायहायड्रोलिपोइक ॲसिड तयार होते; खरा कामकरी हा आहे. ई जीवनसत्त्व पेशीच्या पटलातील चरबी वाचवताना स्वतः एक इलेक्ट्रॉन गमावून बसते. तो त्याला क जीवनसत्त्व देते, आणि तसे करताना क जीवनसत्त्व खर्ची पडते. त्याला डायहायड्रोलिपोइक ॲसिड परत सावरते. शिवाय हेच द्रव्य पेशीबाहेरच्या सिस्टीनचे सिस्टेइन करते. सिस्टेइन पेशीत सहज शिरते आणि त्यातून पेशी ग्लुटाथायोन हे स्वतःचे अँटिऑक्सिडंट अधिक प्रमाणात बनवू शकते. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे लेस्टर पॅकर यांनी १९९० च्या दशकात या जाळ्यावर भरपूर काम केले.

मात्र ही सगळी उसनवारी आहे आणि ती शेवटी कोणीतरी फेडावीच लागते. फेडणारी आहे पेशीची स्वतःची ऊर्जाव्यवस्था, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवणारे एनएडीएच आणि एनएडीपीएच. मधुमेहात रक्तातली जास्तीची साखर मज्जातंतूच्या पेशीत सॉर्बिटॉलमध्ये बदलते आणि त्या वाटेवर एनएडीपीएच खर्च होतो. ग्लुटाथायोनला पुन्हा उभे करायलाही तोच लागतो, म्हणून तिथे नेमकी चणचण निर्माण होते. लिपोइक ॲसिडच्या डाव्या-उजव्या अशा दोन प्रकारांपैकी जो एक निसर्गात सापडतो, तो मात्र मुख्यतः मायटोकॉन्ड्रियामध्ये एनएडीएचच्या बळावर उघडतो, आणि म्हणून ही चणचण थोडी टाळता येईल अशी कल्पना मांडता येते. मधुमेही उंदरांमध्ये मज्जातंतूचा मंदावलेला रक्तप्रवाह आणि घटलेले ग्लुटाथायोन या द्रव्याने सुधारल्याचे दिसले, आणि माणसांवरच्या चाचण्यांना बळ तिथून मिळाले.

पालकाबद्दल: अन्नात हे प्रथिनाला घट्ट बांधलेले आणि अत्यल्प असते. १९५१ मध्ये लेस्टर रीड यांच्या गटाने ते प्रथम शुद्ध स्वरूपात मिळवले, तेव्हा सुमारे दहा टन यकृताच्या अवशेषांतून जेमतेम ३० मिलिग्रॅम हाती आले होते. पालक खावा तो भाजी म्हणून.

चिपळूण_ओपीडी: रसायनशास्त्र पटले, पण मला रुग्ण दिसतात, आणि प्रश्न वेदनेचा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिडनी २' चाचणीत १८१ रुग्णांना पाच आठवडे तोंडावाटे ६००, १२०० किंवा १८०० मिलिग्रॅम, नाहीतर निष्क्रिय गोळी दिली. आग, टोचणी, मुंग्या आणि बधिरपणा यांच्या एकत्रित गुणांकात औषध घेणाऱ्यांमध्ये निम्म्याच्या आसपास घट झाली, निष्क्रिय गोळीने सुमारे ३२ टक्के. मात्रा वाढवून गुण वाढला नाही, मळमळ तेवढी वाढली, म्हणून ६०० पुरेसे ठरले. हर्णैच्या एखाद्या मच्छीमाराला मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या प्रीगॅबालिनने गुंगी आली, तर तो होडीवर पाय कसा रोवणार? अशांसाठी मी हे वापरून पाहतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

आता वडिलांचे गणित पाहा. चाचणीत ६००, त्यांना १००. म्हणजे सहावा भाग. त्यातही नाश्त्यानंतर घेतात, आणि अन्नाबरोबर याचे शोषण घटते. ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. एवढ्यावर औषध निकामी ठरवता येत नाही. पण सहा कॅप्सूल एकदम घेऊ नयेत, कारण सोबतचे घटकही सहापट होतील.

सावंतवाडी_निवृत्त: पाच आठवड्यांचे ठीक, पण पुढे काय? 'नेथन १' या चाचणीत ४६० रुग्णांना चार वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम दिले आणि मुख्य एकत्रित गुणांकात लक्षणीय फरक पडला नाही; काही उपगुणांक किंचित सुधारले, इतकेच. अनेक चाचण्या एकत्र तपासणारा २०२४ चा कॉक्रेन आढावा तर म्हणतो की सहा महिन्यांनंतर लक्षणांवर बहुधा काहीच किंवा नगण्य परिणाम होतो. दुसरे असे, की रक्तातले हे द्रव्य सुमारे अर्ध्या तासात निम्मे होते. इतक्या थोड्या वेळात ते सगळ्या शरीराचे मूलक टिपत फिरते, हे मला पटत नाही. ते पेशीला स्वतःचे संरक्षण वाढवण्याचा इशारा देत असावे, ही शक्यता मला अधिक विश्वासार्ह वाटते, आणि तसे असेल तर मालवणच्या मित्रांनी सुचवलेल्या क-ईच्या मोठ्या मात्रांना काही आधार उरत नाही.

चिपळूण_ओपीडी: नेथनमध्ये सौम्य ते मध्यम आजाराचे रुग्ण होते आणि निष्क्रिय गोळी घेणारा गटही चार वर्षांत फारसा बिघडला नाही. जिथे बिघाडच नाही तिथे औषधाने तो थांबवला की नाही हे कसे ठरणार? मी याला अपयश म्हणत नाही, अनुत्तरित म्हणतो.

देवगड_वहिनी: माझ्या सासूबाईंचीही अशीच आग होत होती. त्यांचे बी-१२ फारच कमी निघाले, इंजेक्शने दिली आणि पुष्कळ आराम पडला. लिपोइकचा संबंधच आला नाही. मग आधी तेच का पाहू नये?

चिपळूण_ओपीडी: वहिनींचा प्रश्न वेगळा असला तरी नेमका इथे लागू पडतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ घटू शकते आणि त्याची लक्षणेही पायांतच दिसतात. अडचण अशी, की बाबूंच्या वडिलांच्या कॅप्सूलमध्ये मिथाइलकोबालामिन आहेच, त्यामुळे आता रक्तातली पातळी चांगली दिसेल आणि मूळ कमतरता होती का हे कळणार नाही. जुना अहवाल असेल तर शोधा.

आणखी एक. आग कमी झाली म्हणजे पाय सुधारला असे नव्हे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात. डोळे मिटलेल्या माणसाला तो जाणवला नाही, तर जांभ्याच्या तापलेल्या अंगणात अनवाणी चालताना बसलेला चटकाही जाणवणार नाही. लिपोइक ॲसिडने ही गेलेली संवेदना परत येते, असे खात्रीने म्हणावे इतका पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

गुहागरचा_बाबू: तीन वर्षांपूर्वीचा बी-१२ चा अहवाल सापडला, त्यात आकड्याखाली 'कमी' अशी खूण आहे आणि तेव्हा कोणी काही सांगितले नव्हते. डॉक्टरांना तो दाखवतो. ६०० मिलिग्रॅम सुरू केले तर साखर फार उतरेल का?

चिपळूण_ओपीडी: थोडी उतरू शकते, म्हणून पहिले काही आठवडे तपासत राहा. फार क्वचित, विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या माणसांत, शरीर इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि साखर अचानक खूप खाली जाते. जपानमध्ये असे रुग्ण अधिक नोंदले गेले. घाम, थरथर किंवा गोंधळलेपणा दिसला की गोळी बंद करून साखर मोजावी, आणि कमी निघाल्यास तत्काळ साखरपाणी द्यावे.

सावंतवाडी_निवृत्त: आणि सहा आठवड्यांनी आगीत फरक नसेल, तर तो प्रयोग तिथेच थांबवा, ही माझी अट.

मालवणी_मीठ: अट मान्य. पालक मात्र मी सोडणार नाही.