दोन वर्षांचा बाँड घ्यावा की सगळ्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात?

सिडकोकर_मेक
वय 24, बी.ई. मेकॅनिकल. नाशिकमध्ये सातपूरला क्वालिटीत आहे, हातात 19,000 येतात. अंबडच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या कंपनीत, मोल्ड डिझाइनला घेतायत. 24,000 देणार, पण दोन वर्षांचा बाँड आहे आणि मध्येच सोडलं तर 60,000 भरायचे. संध्याकाळी एमपीएससी आणि गेटचा अभ्यास चालू आहे, डेटा ॲनालिटिक्सच्या क्लासचीही चौकशी केलीय. सही केली की बाकी सगळं बंद होईल असं वाटतं. एवढ्यात अडकावं का? सोमवारपर्यंत कळवायचंय.

गंगापूर_रोड_ट्रेडर
सही करू नकोस. मी रोज शेअर बाजारात ऑप्शनमध्ये काम करतो, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने घ्यायचा-विकायचा हक्क. पुढचं जितकं अनिश्चित, तितकी ऑप्शनची किंमत जास्त, हा साधा नियम आहे. विशीत सगळंच अनिश्चित असतं, म्हणून याच वयात हातात पर्याय हवेत. अमेरिकेत टोपेल आणि वॉर्ड या दोघांचा 1992 चा अभ्यास आहे. तिथला तरुण कामगार पहिल्या दहा वर्षांत साधारण सात नोकऱ्या करतो आणि या काळातली किमान एक तृतीयांश पगारवाढ नोकरी बदलल्यामुळे होते. तू स्वतःला दोन वर्षं बांधून का घेतोस?

दिंडोरीची_बाग
पोरा, तुझी दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. आम्ही द्राक्षाची बाग लावली की बारा-पंधरा वर्षं अडकतो. तरी सगळं एका दिवशी ठरवत नाही. उन्हाळ्याआधी डॉगरिजचा खुंट लावायचा, त्यावर कलम ऑगस्ट-सप्टेंबरात. मधल्या महिन्यांत कोणता वाण धरायचा हे ठरवायला वेळ मिळतो, पण खुंट जमिनीत गेलेला असतो. माझा मुलगा पुण्याला जायचं म्हणतोय, त्यालाही हेच सांगितलं. टूलरूमवाले राहायची सोय करतात का?

कोअर_कॅव्हिटी
काका, हा पोरगा सिडकोत राहतो, अंबड जवळच आहे, राहायचा प्रश्न नाही. पण खुंटाचा मुद्दा पक्का आहे.

ट्रेडर साहेब, अनिश्चिततेचं बरोबर बोललात, प्रीमियमचं राहिलं. ऑप्शन धरून ठेवायला पैसे लागतात आणि त्याला मुदत असते. दुसरं म्हणजे थांबल्याने काहीतरी कळणार असेल तरच थांबण्याला किंमत. सातपूरला गेज लावत बसून मोल्ड डिझाइन जमतं का, हे याला कधीच कळणार नाही. त्या सात नोकऱ्यासुद्धा लोकांनी करून सोडल्या होत्या, लांबून बघून नाही.

सिडकोकर, आता तुझ्या प्रत्येक वाटेची मुदत बघ. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. एकदा नीट तयारी करून मिळवलास तर बाँड संपेपर्यंत ती वाट उघडी राहते. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 आहे. ॲनालिटिक्सचा क्लास पैसे भरले की कधीही मिळतो. म्हणजे सोमवारी खरोखर बंद होणारी गोष्ट एकच, टूलरूमची जागा. आणि तू तीच सोडायला निघालायस.

बाँडचाही हिशोब कर. महिन्याला 5,000 जास्त मिळणार. बारा महिन्यांत 60,000. वर्षभराने दंड भरून निघालास तरी सातपूरला राहिला असतास त्यापेक्षा खिशात कमी नसेल, आणि वर्षाचं काम हातात. यात अडकणं कुठे आलं? बाहेर पडायची किंमत आधीच लिहून दिलेली आहे.

मुंबई_नाक्यावरून
एवढं कशाला? बाँड कोर्टात टिकत नाहीत. सही कर, नाही आवडलं तर सोडून दे.

कोअर_कॅव्हिटी
असं सांगू नका हो, पोरं फसतात. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याचा दोन लाखांचा बाँड वैध धरला. खासगी टूलरूमला तो निकाल किती लागू पडेल हे वकील सांगेल, पण 'टिकतच नाही' हे खरं नाही. सही करताना 60,000 द्यावे लागतील असंच धरून चाल. मूळ मार्कशीट मात्र कोणाकडे ठेवू नकोस. दंड किती ते कागदावर असतं, अडवून ठेवलेल्या कागदांची किंमत कुठेच लिहिलेली नसते.

अभ्यासिका_कॉलेज_रोड
मी एमपीएससीची तयारी करते, म्हणून या 38 च्या आकड्यावर बोलते. ही मुदत कागदावरची आहे दादा. खरी मुदत घरचे ठरवतात, आणि नंतर पगार ठरवतो. 24,000 चे 40,000 झाले, गाडीचा हप्ता सुरू झाला, की 27 व्या वर्षी नोकरी सोडून अभ्यासिकेत बसणारे फार थोडे. शिवाय ज्ञान शिळं होतं. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. बहुपर्यायी प्रश्नांसाठी काढलेल्या नोट्सचा उत्तर लिहायला किती उपयोग होतो, ते आम्ही भोगतोय. वाट नुसती बाजूला ठेवली तर ती तशीच राहत नाही.

पण तू आता करतोयस ते त्याहून वाईट आहे. नोकरी करून संध्याकाळचे दोन तास, त्यात गेट आणि एमपीएससी. दोन्हीकडे अर्ध्या तयारीला शून्य भाव. कटऑफच्या चार गुण खाली आणि चाळीस गुण खाली, हातात सारखंच येतं. मी म्हणेन, एमपीएससी करायचीच असेल तर आत्ता कर, नाहीतर सोड.

कोअर_कॅव्हिटी
ताई, पगाराची सवय लागते हे मान्य. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. पण उलट बाजूही बघा. काही वाटा काम केल्याशिवाय उघडतच नाहीत. टूलरूममध्ये पहिले सहा महिने इलेक्ट्रोडची ड्रॉइंग्ज आणि जुन्या डिझाइनमधल्या दुरुस्त्या, कंटाळवाणं काम. दोन वर्षांनी एखादा मोल्ड स्वतःच्या हातून पूर्ण झालेला असतो, आणि मग चाकण, भोसरी, संभाजीनगर इथली दारं उघडतात. आज ती याच्या यादीतसुद्धा नाहीत.

सिडकोकर, सोमवारच्या आत एक काम कर. मोल्डची ट्रायल बघू द्या म्हणून विचार. पहिला पार्ट बाहेर येतो तेव्हा कडेला फ्लॅश असतो, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं पातळ प्लास्टिक, आणि आतल्या रिबच्या, म्हणजे आधाराच्या पट्टीच्या, पाठीमागे पृष्ठभागावर खड्डा पडलेला असतो. डिझायनर तो पार्ट हातात घेऊन उजेडात तिरका धरतो. रिब जाड झाली की होल्डिंग प्रेशर कमी पडलं, यावर वाद सुरू होतो. त्या वादात तुला तोंड घालावंसं वाटलं तर सही कर. घड्याळाकडे लक्ष गेलं तर करू नकोस. दोन तासांत एवढं कळतं, दोन वर्षं विचार करून नाही.

गंगापूर_रोड_ट्रेडर
वर्षाने दंड वसूल होतो हे पटलं. पण सहाव्या महिन्यात नको झालं तर? तेव्हा 30,000 च जास्तीचे मिळालेले असतात आणि 60,000 भरायचे असतात. तुमच्या हिशोबात ही बाजू नाही.

कोअर_कॅव्हिटी
बरोबर, सहाव्या महिन्यात 30,000 चा खड्डा आहे. म्हणूनच दंड महिन्यागणिक कमी होईल असं लिहून मागावं, महिन्याला 2,500 ने. सहाव्या महिन्यात 45,000 उरेल, खड्डा निम्मा. मालक बऱ्याचदा ऐकतात, कारण शिकवण्याचा त्यांचा खर्चही पहिल्या वर्षातच जास्त असतो.

सिडकोकर_मेक
शनिवारी ट्रायल बघून आलो. बादलीचं झाकण होतं, कडेला एकाच बाजूने फ्लॅश. मी विचारलं की क्लॅम्पिंग कमी पडतंय का, तर त्यांनी पार्टिंग लाइन उघडून दाखवली, एका कोपऱ्यात मोल्ड नीट बसतच नव्हता. जेवायला जायचं राहून गेलं. दंड महिन्यागणिक नाही, पण वर्षानंतर 30,000 करायला तयार आहेत. मूळ कागद मागणार नाहीत.

सही करतोय. गेट एकदा नीट देणार, क्लासचा विचार सोडला. एमपीएससीचं मात्र ठरत नाहीये. ताई, दोन वर्षं फक्त उत्तरलेखन चालू ठेवलं, रविवारी दोन उत्तरं, तर काही उरतं का?

अभ्यासिका_कॉलेज_रोड
तपासणारं कोणी असेल तर उरतं. नुसती वहीत लिहिलीस तर मला नाही वाटत.