उत्तर: घरभाड्याचा प्रोजेक्ट, सरासरी की मीडियन?

> "अकरावीच्या प्रोजेक्टसाठी आमच्या भागातली भाडी गोळा केलीत, पण सरासरी भाडं कुणालाच पटत नाहीये, काय चुकलं?"

गणित चुकलेलं नसणार, एखादं मोठं भाडं सरासरीला ओढत असेल. समजा नऊ घरांची भाडी हजारात अशी आहेत: १२, १३, १४, १४, १५, १६, १७, १८ आणि ५२. बेरीज १७१, सरासरी १९. म्हणजे नवातले आठ जण सरासरीपेक्षा कमी भरतात, मग पटणार कसं? मीडियन म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधलं, पाचवं भाडं, १५ हजार. ते ५२ काढून टाकलं तर सरासरी एकदम १४.९ वर येते, मीडियन मात्र १४.५, फारसं हललंच नाही.

पसरटपणाचंही तेच. प्रमाण विचलन येतं साधारण ११.८, आता १९ मधून ते वजा करून बघ, ७.२ हजार, एवढ्या कमी भाड्याचं घर तुझ्या यादीत एकही नाही, तेव्हा इथे ते दिशाभूल करतं. त्यापेक्षा चतुर्थकं काढ: पहिलं १३.५, तिसरं १७.५, मधली निम्मी घरं या चार हजारांच्या पट्ट्यात.

पण ५२ गुपचूप खोडू नकोस हां, आधी त्या घरी परत जाऊन विचार, फर्निश्ड थ्री बीएचके असेल तर ते वन बीएचकेच्या यादीत यायलाच नको होतं, आणि खरंच वन बीएचके असेल तर ठेव आणि दोन्ही आकडे लिही. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा तेही प्रत्येकाला विचार.