एका रायडरला दोन ऑर्डरी: वाचलेली मिनिटं जातात कुठे?

कोथरूडकर_मिलिंद: काल बिर्याणी मागवली. नकाशावर रायडर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि सरळ भुसारी कॉलनीत निघून गेला. आधी त्यांची ऑर्डर, मग माझी! एका रायडरला एकच ऑर्डर द्यायला काय धाड भरते?

डिस्पॅचवाला: परवडत नाही, म्हणून देत नाहीत. रायडरना ऑर्डरी वाटून द्यायचं काम केलंय, म्हणून सांगतो. समजा, रायडरला हॉटेलवर यायला १० मिनिटं, पिशवी हातात पडायला ५ आणि घरी पोचायला १२. म्हणजे एका ऑर्डरला २७, दोन वेगळ्या फेऱ्यांना ५४. हॉटेल एकच आणि दुसरं घर पुढे ६ मिनिटांवर असेल, तर दोन्ही ३३ मिनिटांत उरकतात. शनिवारी रात्री ही २१ मिनिटं वाचली नाहीत, तर तिसऱ्याला रायडरच मिळत नाही.

घोडं अडतं किचनमध्ये. दुसरी पिशवी १२ मिनिटं उशिरा आली की बचत ९ वर येते आणि पहिल्याचं जेवण गार होतं. तिथे जोडी तोडून पहिली ऑर्डर लगेच पाठवायला हवी. पण रायडर लवकर यावा म्हणून काही हॉटेलं शिजायच्या आधीच ‘तयार’चं बटण दाबतात. सिस्टीमला उशीर दिसतच नाही.

नीलिमा_क: सोपं आहे. सगळ्यात जवळचा रायडर द्या, विषय संपला.

डिस्पॅचवाला: नाही संपत. जवळचा रायडर पहिल्या ऑर्डरला दिला आणि लगेच शेजारच्या हॉटेलची दुसरी आली, तर तिला चार किलोमीटरवरून माणूस आणावा लागतो. म्हणून मिनिटभर थांबून सगळ्या ऑर्डरी आणि सगळे रायडर एकत्र बघून वाटप करतात. ऑर्डरी तुरळक असतील तेव्हा मात्र तुमचं बरोबर आहे.

रोजचा_रायडर: मिनिटं वाचली म्हणता, आम्हाला काय मिळालं? जोडीतल्या दुसऱ्या ऑर्डरला मला पहिलीपेक्षा कमी पैसे मिळतात. गार जेवणाच्या शिव्या मात्र दोन्ही दारांत खायच्या. आणि खरा वेळ जातो गेटवर. वहीत नाव, फोन, मग वॉचमन म्हणतो मागची लिफ्ट घे. ती सातव्या मजल्यावर कचऱ्याचे डबे घेऊन उभी!

सोसायटी_सचिव: चोरी झाली की जबाबदार कोण? नियम सगळ्यांना सारखे.

रोजचा_रायडर: सारखे? मग पाहुण्यांना कचऱ्याच्या लिफ्टने पाठवता का?

नीलिमा_क: आमच्याकडेही हेच. आजारी सासूबाईंचं जेवण खाली अडकलं होतं, मीच भांडले. सचिवसाहेब, लाज वाटायला हवी.

सोसायटी_सचिव: लाज काढू नका. रात्री ९ नंतर पुढची लिफ्ट देता येईल का, मीटिंगमध्ये विचारतो. शब्द देत नाही.

कोथरूडकर_मिलिंद: लिफ्टवर नंतर भांडा! माझं घर वाटेत होतं, तरी आधी भुसारी कॉलनी का?

डिस्पॅचवाला: त्यांची ऑर्डर आधीची असेल आणि दिलेली वेळ टळत आली असेल. तुमच्याकडे थांबून गेटवर पाच-सात मिनिटं गेली असती, तर ती हुकली असती.

कोथरूडकर_मिलिंद: ठीक, मानलं. पण मग ऑर्डर जोडीत जाणार, हे पैसे घ्यायच्या आधी सांगा आणि डिलिव्हरी चार्ज कमी करा.

रोजचा_रायडर: करा. फक्त तो आमच्या खिशातून कापू नका.