संकल्पना नकाशाला गुण द्यायचे का?

दहावीब: प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन मी फळ्यावर संकल्पना नकाशा काढत काढत शिकवते. घटक चाचणीतही तोच काढायला लावला. बहुतेकांना दहापैकी आठ-नऊ. एकाच साधनात शिकवणं आणि तपासणं दोन्ही होतंय, मग दीर्घोत्तरी प्रश्नांचा हट्ट कशाला?

खडूधूळ: बाई, ते आठ-नऊ तुमच्या फळ्याला मिळालेत, पोरांना नाहीत. हेच मीही दोन वर्षं केलंय, म्हणून राहवत नाही.

तिसऱ्या वर्षी फळ्यावरचा नकाशा पुसला आणि दहा शब्द नुसते लिहून दिले: वनस्पती, हरितलवक, तंतुकणिका, ग्लुकोज, ऑक्सिजन वगैरे. प्रश्न बदलला: 'रात्री बंद खोलीतल्या रोपट्यात काय चाललेलं असतं?' वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीने सुबक दोन फांद्या काढल्या. एकीवर 'दिवसा प्रकाशसंश्लेषण', दुसरीवर 'रात्री श्वसन'. दोन्हींच्या मध्ये एकही रेघ नाही! वनस्पती दिवसाही श्वसन करते हे तिच्या डोक्यात नव्हतंच. आधीच्या चाचणीत याच मुलीला पैकीच्या पैकी होते.

गुणांचं म्हणाल, तर नोवाक आणि गोविन यांनी 1984 मध्ये दिलेल्या पद्धतीत बरोबर विधानाला 1, पातळीला 5 आणि दोन फांद्या जोडणाऱ्या बरोबर रेघेला 10 गुण आहेत. आपल्याकडे लोक 'बरोबर' हा शब्द गाळून रेघा मोजतात. पोरांना ते लगेच कळतं, मग कशालाही काहीही जोडलेलं.

सोसायटीतला_बाबा: तुम्हा शिक्षकांना हे तक्ते सुचतात, रंगवायचे आम्ही. रात्री अकरा वाजता स्केचपेन शोधत फिरलोय. बाणाची टोकं नीट नाहीत म्हणून एक गुण कापला होता!

दहावीब: दादा, तो प्रकल्पाचा तक्ता. हा वर्गात बसून पेन्सिलीने काढायचा असतो.

सोसायटीतला_बाबा: नाव काहीही द्या, कार्डशीट मलाच आणावी लागते.

कर्ताकर्मक्रियापद: मूळ अडचण वेगळीच आहे. हा नकाशा मराठीत वाचताच येत नाही. इंग्रजीत क्रियापद मधे येतं, म्हणून ते बाणावर नीट बसतं. आपलं क्रियापद शेवटी. 'हरितलवक', बाणावर 'मध्ये होते', पुढे 'प्रकाशसंश्लेषण'. असं कोण बोलतं? विभक्ती तर लटकतेच. पोरं मग बाण कोरा सोडतात. मराठी माध्यमाच्या मुलांवर हे लादू नये.

खडूधूळ: निदान अर्धं तरी पटलं. कोरा बाण म्हणजे काहीच न सांगणं, आणि तपासणारा मनातल्या मनात बरोबर वाक्य भरून गुण देतो. पण उपाय सोपा आहे. बाणाला आकडा द्यायचा आणि खाली त्या आकड्यापुढे पूर्ण वाक्य लिहायचं.

कर्ताकर्मक्रियापद: म्हणजे शेवटी वाक्यंच! मग चित्र कशाला?

खडूधूळ: कोणतं वाक्य लिहायचं हे त्याने स्वतः ठरवावं म्हणून. एका मुलाने 'ग्लुकोज' ते 'तंतुकणिका' बाण काढून खाली लिहिलं, 'ग्लुकोज तंतुकणिकेत जाते.' कोऱ्या बाणावर मी गुण दिले असते. ग्लुकोज-विघटन पेशीद्रव्यात होतं, पुढे जातं ते पायरुविक आम्ल. दीर्घोत्तरीत त्याने हे पाठ करून बरोबर लिहिलं होतं बरं का.

कर्ताकर्मक्रियापद: इंग्रजी माध्यमात हे दुप्पट काम करावं लागत नाही, एवढंच माझं म्हणणं.

सेमीवाली: लागतं हो. आमच्याकडे प्रत्येक बाणावर 'हॅज' नाहीतर 'इज'. व्याकरण शुद्ध, अर्थ शून्य. उगाच मराठीवर खापर नको. आणि 'तंतुकणिका' म्हटलं की आमची मुलं बघतच राहतात, त्याचं काय?

कर्ताकर्मक्रियापद: त्यात दोष शब्दाचा नाही, सेमीचा आहे. मराठी शब्द कानावरच पडू द्यायचे नाहीत आणि वर तेच अवघड म्हणायचं!

सेमीवाली: झालं सुरू. तुमची नातवंडं कुठल्या माध्यमात आहेत ते आधी सांगा.

दहावीब: माझा धागा तुम्ही भाषा संचालनालयाकडे पाठवलात, आभारी आहे. खडूधूळ, मान्य. फळ्याची नक्कल मीच गुणवली. पण माझ्या वर्गात 64 मुलं आहेत. आकडे, वाक्यं, प्रत्येक वहीला पाच मिनिटं धरली तरी पाच तासांवर जातं. तुमची तुकडी केवढी?

खडूधूळ: 38. वेळेचं उत्तर माझ्याकडेही नाही. अर्धवट भरलेला नकाशा देऊन रिकाम्या चौकटी भरायला लावल्या तर तपासणं झटपट होतं, पण रेघा आधीच आपण काढलेल्या असतात. दिवस-रात्रीची ती चूक त्यात दिसली नसती. मी नकाशा गुणांशिवाय घेतो, घटकाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कुठली रेघ नवी आली ते मूलच सांगतं.

दहावीब: गुण नाहीत म्हटल्यावर माझी निम्मी पोरं पेन्सिलच उचलणार नाहीत.

सोसायटीतला_बाबा: आणि उरलेल्या निम्म्यांची आम्ही उचलू.