नकाराच्या मेलमधला 'सध्या': तुमचे अनुभव सांगा

धागा सुरू करणारी, बुटीबोरी

मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात भरतीचं काम बघते. दोन वर्षांपूर्वी लेखा सहायक पदासाठी शेवटच्या फेरीत दोघं उरले होते. ज्याची निवड झाली नाही त्याला मी नेहमीचा मेल पाठवला: "सध्या आपली निवड करू शकत नाही. आपली माहिती जपून ठेवली आहे, योग्य संधी येताच कळवू." तो मुलगा वर्ध्याचा. चार महिने दर पंधरवड्याला त्याचा फोन यायचा. पुढे कळलं की त्यानं दरम्यान आलेली दुसरी नोकरी आमच्या भरवशावर सोडली होती. मला वाटायचं मी सौम्यपणे लिहिलंय. प्रत्यक्षात मी नकार दिलाच नव्हता.

तेव्हापासून शेवटच्या फेरीतल्या माणसाला मी वेगळं लिहिते. गेल्या वर्षी त्याच पदासाठी एका मुलीला पाठवलेला मेल हा:

> विषय: लेखा सहायक पदाबाबत आमचा निर्णय
>
> नमस्कार,
> लेखा सहायक पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही.
>
> तुम्ही दोनदा बुटीबोरीपर्यंत आलात. चाचणीत खरेदीची बिलं आणि स्टॉक रजिस्टर यांतला फरक तुम्ही अचूक शोधलात. या जागेवर मात्र पहिल्या महिन्यापासून जीएसटीची विवरणपत्रं स्वतः भरणारी व्यक्ती हवी होती. तो अनुभव तुमच्याकडे अजून नाही. निर्णय त्यावरून झाला.
>
> लेखा विभागात पुढची जागा निघाली तर ती कंपनीच्या संकेतस्थळावर दिसेल. आम्ही स्वतःहून कळवू असं सांगत नाही. हा अनुभव घेऊन वर्षभरात अर्ज केलात तर लेखी चाचणी पुन्हा द्यावी लागणार नाही. अर्जात या मेलचा उल्लेख करा.
>
> काही विचारायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या, ते माझ्याकडेच येतं.

ज्यांनी असे मेल लिहिले आणि ज्यांना आले, त्या दोघांचेही अनुभव हवेत.

मिहानमधली, भरतीत पंधरा वर्षं

पहिल्या दोन ओळींत नकार, हे अगदी बरोबर. मेल बहुतेक जण मोबाइलवर आधी नोटिफिकेशनमध्ये बघतात आणि तिथे एक-दोन ओळीच दिसतात. "आपण दाखवलेल्या उत्साहाबद्दल आभारी आहोत" अशी सुरुवात केली की माणूस निवड झाली समजून घरी सांगून मोकळा होतो. आमच्याकडे हे घडलंय. त्या मुलाच्या वडिलांनी पेढे आणले होते.

कारणाबद्दल माझा नियम असा: कारण एकच, ते जाहिरातीत लिहिलेलं असावं आणि उमेदवाराला बदलता येण्यासारखं असावं. "आमच्या संस्कृतीत बसत नाही" हे लिहू नये, त्यानं त्याचं करायचं काय? निवड झालेल्याशी तुलनाही नको. आणि खरं कारण तेव्हाच लिहिता येतं जेव्हा मुलाखतीची टिपणं त्याच दिवशी केलेली असतात. तीन आठवड्यांनी आठवून लिहिलेलं कारण बहुतेक वेळा बनवलेलं असतं, आणि उमेदवाराला ते कळतं.

एक विचारते. चाचणी माफ करू असं लिहिलंत, पण तुम्ही ती नोकरी सोडलीत तर पुढच्या माणसाला ते माहीत असेल का?

हिंगणा एमआयडीसी, मेंटेनन्स

मला तर मेलच नाही आला. तीन फेऱ्या झाल्या, मशीन उघडून दाखवली, मॅनेजर म्हणे सोमवारी सांगतो. सोमवार गेला, दिवाळी गेली. आता सात महिने झाले, मी वाट पाहून राहिलो. फोन केला तर म्हणतात "फाइल होल्डवर आहे". होल्ड म्हणजे हो का नाही, ते तरी सांगा ना. नाही म्हटलं असतं तर मी त्याच महिन्यात दुसरीकडे लागलो असतो. मला कारणबिरण नको, एक ओळ पाहिजे होती.

सदरमधून, कायद्याचा विद्यार्थी

नकाराचं कारण देणं कंपनीला बंधनकारक आहे. माहिती अधिकारात अर्ज टाका, द्यावंच लागेल.

मिहानमधली

हे अर्धंच बरोबर आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा, आणि तो सार्वजनिक प्राधिकरणांना लागू होतो. सरकारी भरतीत स्वतःचे गुण तुम्ही त्यातून मागू शकता. खासगी कारखान्याकडे असा अर्ज टाकता येत नाही आणि कारण देण्याची सक्तीही नाही. म्हणून तर ज्यानं दिलं त्याचं मोल. "माहिती जपून ठेवू" या ओळीबद्दल मात्र कायदा आठवायला हवा. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा संमती आणि हेतू यांवर उभा आहे. पुढच्या जागांसाठी बायोडेटा ठेवायचा तर आधी उमेदवाराला विचारा.

खामल्याहून

माझ्या हातात दोन ऑफर आहेत. एकीला नाही म्हणायचंय, तर असाच मेल चालेल का?

धागा सुरू करणारी

तुमचा प्रश्न उलट बाजूचा आहे, पण पहिली ओळ तशीच ठेवा: "मी ही नोकरी स्वीकारत नाही." आणि आजच पाठवा, तिकडे कुणीतरी दुसरा थांबलेला असतो.

वर्धा रोडवरून, वर दिलेला मेल मलाच आला होता

वाचून त्या दिवशी रडले, हे आधी सांगते. बुटीबोरीची बस, उन्हाळा, दोनदा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला तेव्हा त्यात करण्यासारखं काहीतरी होतं. मी उत्तर पाठवून विचारलं, "विवरणपत्र भरणं म्हणजे नेमकं किती यायला हवं?" दोन दिवसांत उत्तर आलं: ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी, दोन्ही कुणाच्या मदतीशिवाय, आणि २बी मधलं क्रेडिट खरेदी नोंदींशी जुळवता आलं पाहिजे.

सीताबर्डीला एका कर सल्लागाराकडे कमी पगारावर आठ महिने काम केलं. जुळवणी हेच खरं काम निघालं. पुरवठादारानं बिल उशिरा चढवलं की २बी मध्ये ते दिसत नाही, मग त्याला फोन करत बसायचं. आठव्या महिन्यात जागा निघाली, अर्जात मेलचा उल्लेख केला, चाचणी खरंच झाली नाही. मुलाखतीत पुन्हा मागे पडले असते तरी वाईट वाटलं नसतं. आता त्याच विभागात आहे.

धरमपेठ, छोटी फर्म

हे एका माणसासाठी ठीक आहे. आमच्याकडे एका जागेला दीडशे अर्ज येतात, सगळ्यांना असं लिहीत बसू का?

मिहानमधली

नाही. फक्त अर्ज केलेल्यांना तीन ओळींचा एकच मसुदा पुरतो, त्यात कारण नको. वेगळं लिहायचं ते मुलाखतीला आलेल्यांना. आणि दीडशे पत्ते एकत्र टाकू नका. एकदा सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसले होते, त्यांतले काही जण तेव्हा दुसरीकडे नोकरीत होते.

माझा अडलेला प्रश्न वेगळाच आहे. पहिल्या उमेदवाराचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा असतो आणि कितीतरी जण शेवटच्या आठवड्यात नाही म्हणतात. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला नकार कधी पाठवायचा? आम्ही रुजू होईपर्यंत थांबतो.

हिंगणा एमआयडीसी, मेंटेनन्स

म्हणजे माझं तेच होऊन राहिलं होतं. नव्वद दिवस मी बी घरी बसलो ना.

धागा सुरू करणारी

मी ऑफर स्वीकारल्याच्या दिवशीच नकार पाठवते. एकदा पहिला आलाच नाही. दुसऱ्याला फोन केला तर तो पुण्याला रुजू झालेला. माझे साहेब अजून त्यावरून बोलतात. "तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात, अमुक तारखेपर्यंत बदल झाला तर फोन करू, पण थांबू नका" असं लिहून पाहावं का, हे ठरत नाहीये. वर्ध्याचा तो मुलगा "थांबू नका" वाचून थांबला नसता, याची मला खात्री नाही.

आणि चाचणीच्या माफीबद्दल विचारलंत, ती सोमवारी विभागाच्या रजिस्टरमध्ये चढवते. आजवर ती फक्त माझ्या मेलमध्ये होती.