मदत हवी आहे: गरोदर बायकोची शुगर १५२ आली, मधुमेह म्हणायचा का?

सेलूकर: काल मिसेसची ग्लुकोजची टेस्ट केली, १५२ आली. रिपोर्टवर १४० च्या आत पाहिजे असं छापलंय. डॉक्टर सोमवारी भेटणारेत आणि घरात सगळे घाबरायलेत. दुसऱ्या महिन्यात हीच टेस्ट नॉर्मल होती, मग आता कशी काय वाढली? लवकर सांगा.

मीना_परभणी: भाऊ, कितवा आठवडा? पाणी किती ग्रॅमचं पाजलं आणि रक्त किती वेळानं घेतलं? नुसत्या १५२ वरून कोणालाच सांगता येणार नाही.

गोदाकाठ: भात, साखर आजपासून बंद करा. माझ्या वडिलांची तीन महिन्यांची सरासरी ९ होती, जांभळाच्या बियांच्या पावडरनं ७ वर आली.

मीना_परभणी: काका, ते वडिलांचं झालं. गरोदरपणात रक्ताच्या पेशी लवकर बदलतात, ती सरासरी खरी असते त्यापेक्षा कमी दिसू शकते, म्हणून निदान तिच्यावर करत नाहीत. पावडर तर पोटुशीला देऊच नका.

सेलूकर: २६ वा आठवडा. ७५ ग्रॅमचा पुडा होता. १०:१० ला प्यायली, ११:१५ ला रक्त घेतलं. दोन तास थांबा म्हणले होते पण एसटी चुकली असती म्हणून आम्हीच घाई केली.

राहुल_लातूर: चहा-नाश्ता करून गेली होती का? मग टेस्टच चुकली, उपाशीपोटीच पाहिजे. माझ्या बहिणीचं पुण्यात उपाशी रक्त घेतलं, मग आणखी दोनदा.

मीना_परभणी: राहुल, ती तीन वेळा रक्त घ्यायची पद्धत वेगळी, तिला उपाशी लागतंच. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम देतात, जेवलेली असली तरी चालते, फक्त रक्त बरोबर दोन तासांनी आणि तेव्हा १४० किंवा वर म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. ५० ग्रॅम पाजून एका तासानं बघायची जुनी टेस्ट आहे, तिथंही बऱ्याच ठिकाणी १४० च धरतात, पण ती नुसती चाळणी, वर आली तर पुढची मोठी टेस्ट करतात.
सेलूकर, तुमचं ७५ ग्रॅम आणि एक तास, म्हणजे दोन्हीतलं एकही नाही. तासाभरानं साखर चढलेलीच असते, दोन तासांनी ती कुठं उतरली असती ते कळलंच नाही. १४० ची रेघ तुमच्या १५२ ला लावताच येत नाही. टेस्ट परत करा.

राहुल_लातूर: उपाशी केली तर जास्त पक्की असं मला अजून वाटतं.

सेलूकर: आई म्हणते आधी नॉर्मल होती, परत कशाला सुई टोचता?

मीना_परभणी: वार वाढते तसे तिचे हार्मोन इन्सुलिनला आडवे येतात, तो जोर सहाव्या महिन्याच्या आसपास दिसायला लागतो. म्हणून पहिली नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत बघतात. तुम्ही वेळेत आहात, पण टाळत बसू नका. पाणी पाच-दहा मिनिटांत संपवायचं, अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत, आणि घड्याळ तुम्हीच बघा.

सेलूकर: उद्या सकाळीच नेतो. दुपारच्या एसटीनं परत येऊ.

गोदाकाठ: जेवणाचं काय मग?

मीना_परभणी: टेस्टच्या आधी रोजचंच खाऊ द्या काका, भात बंद करून आकडा कमी आणला तर कळणार काय?